दहा लाखांच्या अलीकडे

बेबीताईला कामावरून काढायचं, हे उमाकांत ठवकरांनी जवळजवळ ठरवलं होतं. ईराला त्यांनी बोलावलं ते पुरावा गोळा करायला.

खुर्सीपारला त्यांचं गोदाम होतं. खाली पंप, पीव्हीसी पाइप, केबलची बंडलं, वर ऑफिस. उमाकांतकाका आणि ईराचे वडील पूर्वी स्टील प्लांटमध्ये एकाच वर्कशॉपमध्ये होते. काकांनी लवकर निवृत्ती घेऊन एजन्सी काढली, आणि ईरानं पुढे सीए होऊन सिविक सेंटरला एका दुकानावरच्या दोन खोल्यांत आपला बोर्ड लावला. काकांचा जीएसटी आणि वर्षाचं ऑडिट तिच्याकडेच होतं. पण आज ते म्हणाले, हे काम वेगळं आहे.

"दरवाजा लोटून घे," ते म्हणाले. "बेबीताई माहीत आहे नं तुले? धमधा, कुरुद, पाटण, हा सगळा इलाका तिचाच. बारा वर्षं झाली. माणूस एक नंबर होती. आता मात्र ती माह्या पाठीमागं काहीतरी करून राहिली."

"काय करतायत?"

"ऑर्डर दाबून ठेवते. महिना संपायच्या आधी डीलर ऑर्डर देते, आणि ही गोदामात सांगते, आत्ता बिल नका काढू, पहिल्या तारखेनंतर काढा. डीलर थांबत नाही नं! धमध्याचा बाबुलाल देवांगन, माहा किती जुना गिऱ्हाईक, डिसेंबरात त्याचा माल अडकवला हिनं. त्यानं रायपूरहून उचलला. आता फोन बी घेत नाही."

"दुसऱ्या कुणाचा माल विकतायत असं वाटतं तुम्हाला?"

"मंग दुसरं काय? ऑक्टोबरात तं हद्दच केली. बाबुलालनं सरळ मले फोन केला, सत्तर हजाराचा माल पाहिजे म्हणे. मी एकतीस तारखेला बिल काढून गाडी पाठवली. ही बाई गोदामात येऊन त्या पोराइवर अशी भडकली का काही विचारू नको. स्वतःचा सेल झाला म्हणून भांडणारी सेल्सवाली तू कधी पाहिली का?"

ईरानं पाहिली नव्हती. महिनाअखेरची लबाडी तिला ठाऊक होती, पण ती नेमकी उलट्या बाजूची. कमिशनचा वरचा टप्पा गाठायला माणसं एकतीस तारखेला ओळखीच्या डीलरच्या नावानं खोटं बिल फाडतात, आणि पुढच्या आठवड्यात माल 'परत' येतो. म्हणून ऑडिटला बसलं की तिची नजर आधी महिन्याच्या पहिल्या आठवड्यातल्या परतीच्या मालावर जायची. इथे तर हातात आलेली विक्री कुणीतरी मागे ढकलत होतं.

"काका, मी बघते. पण फक्त बेबीताईंचं नाही, तिन्ही सेल्सवाल्यांचं बघीन. एप्रिलपासून."

"बाकी दोघाइचं कावून?"

"एकट्या माणसाचा हिशोब पाहिला की त्यात जे दिसेल ते त्याचंच वाटतं."

काकांना ते पटलं नाही, पण त्यांनी खाली हाक मारून समीरला वर बोलावलं.

समीर हा अकाउंटंट. सव्वीस-सत्तावीस वर्षांचा, कामाला नीटनेटका, दोन वर्षांपूर्वी इथे लागलेला. घरी मराठी बोलत असेल, पण ऑफिसात त्याचं अर्धं बोलणं हिंदीतच व्हायचं. ईरानं विक्रीची रजिस्टरं, परतीच्या मालाच्या क्रेडिट नोटा, कमिशनची महिन्यामहिन्याची स्टेटमेंटं मागितली. गोदामाच्या ग्रुपवर सेल्सवाले ऑर्डर टाकत, ते मेसेजही तिनं काढून घेतले. कोणती ऑर्डर कधी आली आणि तिचं बिल कधी निघालं, हे लावून पाहणं एवढंच काम होतं. कंटाळवाणं, पण अवघड नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत काकांचं म्हणणं अर्धं खरं ठरलं. सप्टेंबरपासून बेबीताईच्या ऑर्डरी महिन्याच्या शेवटच्या चार-पाच दिवसांत अडत होत्या. त्याआधीच्या ऑर्डरींची बिलं त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी निघत. शेवटच्या आठवड्यात मात्र ग्रुपवर तिचा मेसेज असायचा, 'याचं बिल एक तारखेनंतर.' आणि बाबुलालची डिसेंबरची ऑर्डर सोडली तर तो मालही शेवटी इथूनच जात होता. दुसऱ्या एजन्सीचा कुठे मागमूस नव्हता. तिचा इलाका, तिचे डीलर, तिचंच बिल. नुसतं उशिरानं.

मग ईरानं तिची महिन्याची विक्री एकाखाली एक लिहिली. एप्रिल अकरा लाख वीस हजार. मे दहा लाख साठ हजार. जून नऊ लाख ऐंशी हजार. जुलै-ऑगस्ट पावसाचे, त्यात विक्री उतरलेली, ऑगस्टात तर सहा लाखांच्याही खाली. सप्टेंबरात नऊ सत्तर. ऑक्टोबरात बाबुलालच्या त्या बिलासकट दहा पंचेचाळीस. नोव्हेंबर नऊ नव्वद, डिसेंबर नऊ पंच्याऐंशी.

दहा लाखांजवळ आली की ही बाई थांबत होती.

"समीर," ईरानं विचारलं, "कमिशनची स्कीम काय आहे? मला पत्र दाखव, तोंडी नको."

समीरनं फाइल काढली. एप्रिलपासून नवी स्कीम लागू झाली होती. पत्रावर काकांची आणि तिन्ही सेल्सवाल्यांची सही होती. महिन्याची निव्वळ विक्री, म्हणजे जीएसटी सोडून आणि परत आलेला माल वजा करून. सहा लाखांपर्यंतच्या विक्रीवर एक टक्का. सहाच्या वर दहापर्यंत जेवढी असेल, तेवढ्यावर दीड टक्का. दहाच्या वर जेवढी जाईल, तेवढ्यावर अडीच. पत्रात स्पष्ट लिहिलं होतं, 'प्रत्येक दर फक्त त्या-त्या टप्प्यातील रकमेवर.'

"आणि याच्या आधी?"

"आधी दोनच स्लॅब होते, मॅडम. सहापर्यंत एक टक्का. सहाच्या वर गेलं की पूर्ण रकमेवर दीड. शेठनी तिसरा स्लॅब टाकला, की मोठं सेल करणाऱ्याला मोटिव्हेशन मिळेल."

ईरानं जून घेतला. नऊ लाख ऐंशी हजार. पहिल्या सहा लाखांचे सहा हजार. उरलेल्या तीन लाख ऐंशी हजारांवर दीड टक्क्यानं पाच हजार सातशे. एकूण अकरा हजार सातशे. स्टेटमेंटवर आकडा होता चौदा हजार सातशे.

तिनं पुन्हा केलं. तेच आलं.

मग एप्रिल घेतला. अकरा लाख वीस हजार. पहिल्या सहाचे सहा हजार, मधल्या चार लाखांचे सहा हजार, वरच्या एक लाख वीस हजारांचे अडीच टक्क्यानं तीन हजार. पंधरा हजार व्हायला हवे होते. स्टेटमेंटवर नऊ हजार.

जास्त विकलं त्या महिन्यात नऊ हजार, कमी विकलं त्या महिन्यात चौदा हजार सातशे. ईरा खुर्चीत मागे टेकली. शेवटच्या आठवड्यातल्या मेसेजांचा अर्थ तिला आता वेगळा दिसायला लागला होता.

"समीर, ही शीट उघड. सगळ्यात खाली एक रिकामी ओळ घे. नाव काहीही लिही. आता विक्रीच्या खान्यात सहा लाख टाक, बरोब्बर."

समीरनं टाकलं. सहा हजार आले.

"आता सहा लाख एक रुपया."

नऊ हजार आले. समीरनं ईराकडे पाहिलं.

"दहा लाख टाक."

पंधरा हजार.

"दहा लाख एक."

सहा हजार.

खाली कुणीतरी पाइपांचा गठ्ठा गाडीवर चढवत होतं, त्याचा आवाज येत राहिला. समीरनं तो आकडा खोडून परत टाकला. परत सहा हजारच आले.

"एक रुपया जास्त विकला," ईरा म्हणाली, "आणि नऊ हजार कमी झाले. फॉर्म्युला दाखव."

फॉर्म्युल्यात सगळं उघडं होतं. सहा लाखांपर्यंतचं बरोबर. सहा ते दहाच्या मध्ये मात्र जुनाच हिशोब राहिला होता, पूर्ण रकमेवर दीड टक्का. त्यामुळे तिथे असलेल्या प्रत्येकाला तीन हजार जास्त जात होते. पहिल्या सहा लाखांवरचा अर्धा टक्का. आणि दहाच्या वरच्यासाठी समीरनं नवा तुकडा जोडला होता, पहिल्या सहाचे सहा हजार अधिक दहाच्या वरच्या रकमेचे अडीच टक्के. मधल्या चार लाखांचे सहा हजार त्यात नव्हतेच.

"मधला स्लॅब राहून गेला," समीर हळू म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "मॅडम, मैंने सोचा... वो तो पहले से लगा हुआ है. जुन्या शीटमध्ये मधला होता ना, म्हणून मी फक्त वरचा जोडला."

"चेक केलं होतंस?"

"केलं होतं. सात लाख टाकून पाहिलं, बारा लाख टाकून पाहिलं. दोन्हीला आकडा आला, म्हणून..."

"आकडा येणारच. सीमेवर टाकून पाहायचं असतं. टप्प्याच्या आकड्यावर, त्याच्या एक रुपया अलीकडे, एक रुपया पलीकडे. आणि हातानं करून."

समीरनं मान हलवली. थोड्या वेळानं म्हणाला, "शेठ मला काढतील का?"

"ते मला माहीत नाही," ईरा म्हणाली. खोटा धीर देणं तिला जमत नसे. "पण तू काही लपवलं नाहीस, हे मी रिपोर्टात लिहीन."

रिपोर्ट लिहिण्याआधी तिला बेबीताईशी बोलायचं होतं. फोन केला तर ती कुरुदला एका डीलरकडे होती. ईरा स्कूटी काढून तिकडेच गेली. नव्या घरांच्या रांगा उठत होत्या, बोअरवेलची गाडी रस्ता अडवून उभी होती. बेबीताई दुकानासमोर प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून चहा पीत होती. पन्नाशीच्या आसपासची, सलवार-कुर्त्यावर अर्ध्या बाह्यांचं स्वेटर, पायात बूट. ईराला पाहून तिनं दुसरी खुर्ची ओढली.

"या मॅडम. शेठनं पाठवलं असंल नं तुमाले? मी काही चोरी करून राहिली का नाई, ते पाहाले."

"हो," ईरा म्हणाली. "तुम्ही ऑर्डर मागे का ढकलता, ते तुमच्याकडून ऐकायचं होतं."

बेबीताईनं कप खाली ठेवला. तिला टाळाटाळ अपेक्षित असावी. सरळ 'हो' ऐकून ती जराशी सैल झाली.

"आयका मंग. एप्रिल, मे पंपाचा सीझन. नवी स्कीम आली, अडीच टक्के देतो म्हणे शेठ. मी उन्हात मरमर फिरली. अकरा लाखाच्या वर विकला माल. हातात आले नऊ हजार. मेमदे दहा साठ, तं साडेसात हजार! जूनमदे मी आठ दिवस सुट्टीवर होती, भाच्याचं लगन होतं. दहाच्या खालीच राहिली. आणि आले चौदा हजार सातशे. आता तुमीच सांगा, मी काय समजू?"

"समीरला विचारलं नाही?"

"विचारलं नं. तो म्हणे, ताई, तुमाले तं वरचा रेट लागला, स्लॅब बदलला तुमचा. मी म्हटलं, वरचा रेट लागला तं पैसे खाली कावून गेले? तो म्हणे, कम्प्युटर लावते, मी थोडीच लावतो. मंग मी विचारणं सोडून देल्लं. दहाच्या पार जायचं नाई, एवढं समजलं मले. गेली का मार बसते."

"उमाकांतकाकांना सांगायचं."

"त्याइले काय सांगू? बारा वर्षांत पैशासाठी त्यांच्या दारात उभी नाही राहिली मी. स्कीम त्याइनंच बनवली, सही बी त्याइचीच असते स्टेटमेंटवर. मले वाटलं, जानबूजके असं ठेवलं असंल. वरून अडीच टक्के दाखवायचे, आतून कापायचे. मालक लोक करतेत असं. मी म्हटलं, ठीक हाय, मी बी माहा हिशोब पाहतो."

"आणि ऑक्टोबरातलं भांडण?"

बेबीताई हसली, पण त्यात मजा नव्हती. "पावणेदहावर थांबली होती मी. त्या एका बिलानं माहे साडेसात हजार गेले."

ईरानं मनात आकडा लावून पाहिला. नऊ लाख पंचाहत्तर हजारांवर शीटनं चौदा हजार सहाशे पंचवीस दिले असते. दहा लाख पंचेचाळीस हजारांवर सात हजार एकशे पंचवीस दिले. बरोबर साडेसात हजार. सत्तर हजारांचा माल विकला म्हणून.

तिनं मग शीटमधली चूक समजावून सांगितली. दुकानदाराच्या पॅडवर तीन टप्प्यांचे तीन चौकोन काढले, कुठला चौकोन गळला ते दाखवलं. एप्रिल, मे, ऑक्टोबर, तिन्ही महिन्यांत सहा-सहा हजार कमी दिले गेले, हे सांगितलं. बेबीताईनं दोन्ही हात मांडीवर आपटले.

"अठरा हजार! आणि मीच चोर?"

"थांबा, अजून आहे. जून, जुलै, सप्टेंबर, नोव्हेंबर, डिसेंबर, या पाच महिन्यांत तुम्हाला तीन-तीन हजार जास्त मिळालेत. ऑगस्ट बरोबर आहे."

बेबीताईनं पॅड जवळ ओढलं. मधल्या चौकोनावर तिनं बोट टेकवलं.

"म्हंजे पंधरा माह्या अंगावर," ती शेवटी म्हणाली. "सरतेशेवटी तीन हजाराचा मामला. त्या तीन हजारासाठी बाबुलालसारखा माणूस गेला मॅडम माह्या हातचा. त्याच्या पोरीच्या लग्नाले गेलती मी."

रिपोर्टात ईराला हेही लिहायचं होतं की माल खरोखरच अडवला गेला होता, आणि तो बेबीताईनं अडवला होता.

दोन दिवसांनी ती परत उमाकांतकाकांसमोर बसली. रिपोर्ट तीन पानांचा होता. काकांनी चष्मा लावून पहिलं पान वाचलं, मग दुसरं. दुसऱ्या पानावर तिघांचा तक्ता होता, नव्या स्कीमच्या सगळ्या महिन्यांचा. तो त्यांनी परत वाचला.

"हे दहा लाख एकवाले सहा हजार... हे खरं आहे?"

"तुमच्यासमोर टाकून दाखवते."

"नको." त्यांनी चष्मा काढला. "म्हणजे मी म्हणून राहिलो होतो जास्त विका, आणि माहीच शीट म्हणून राहिली होती थांबा."

"हो."

"समीर!" ते ओरडले. समीर दारातच उभा होता. काकांनी त्याच्याकडे पाहिलं, मग टेबलावरच्या स्टेटमेंटांकडे. प्रत्येकावर खाली त्यांचीच सही होती. काही क्षण त्यांनी ती पानं उलटली. "जा," ते म्हणाले, "नंतर बोलू."

तो गेल्यावर त्यांनी हिशोबाला हात घातला. धंदेवाईक माणूस, धक्का बसला तरी आकड्यांवर यायला त्यांना वेळ लागला नाही. बेबीताईचे अठरा द्यायचे, पंधरा घ्यायचे, म्हणजे तीन हजार देऊन विषय मिटतो. बरोबर ना?

"तिच्यापुरतं बरोबर आहे," ईरा म्हणाली. "पण दोन्ही आकडे मी वेगवेगळे लिहिलेत. कमी दिलेले वेगळे, जास्त दिलेले वेगळे. तिचे वळते करायचे असतील तर भूपेंद्र आणि जानरावांचेही परत घ्यावे लागतील. चूक तीच आहे."

भूपेंद्र दुर्ग शहर आणि बालोदच्या रस्त्यावरचे डीलर सांभाळायचा, जानराव खुर्सीपार आणि आसपासची छोटी दुकानं. दोघंही कधी दहा लाखांपर्यंत पोचले नव्हते, म्हणून त्यांना कमी कधीच मिळालं नव्हतं. भूपेंद्रला आठ महिन्यांत मिळून चोवीस हजार जास्त गेले होते, जानरावला चार महिन्यांत बारा.

काकांनी बेरीज केली. "एक्कावन्न हजार जास्त गेले, अठरा कमी. मीच बुडालो की यात!"

"तेहतीस हजारांनी. शिवाय बाबुलालचा धंदा. त्याचा आकडा मी लिहिलेला नाही, कारण तो मला सिद्ध करता येत नाही."

"तू काय करशील?"

"काय करायचं ते तुम्ही ठरवायचं, काका. मी एवढंच सांगू शकते की अठरा हजार पत्राप्रमाणे तिचे आहेत, त्यावर तुमची सही आहे. आणि जास्त गेलेल्या पैशात त्या तिघांपैकी कुणाचाच हात नाही."

त्या शनिवारी संध्याकाळी काकांनी सगळ्यांना वर बोलावलं. ईरालाही यायला सांगितलं, कारण समजावून सांगणं त्यांना जमणार नव्हतं. तिनं सांगितलं. जानरावनं मान डोलावली आणि एवढंच विचारलं की पैसे कापणार का. भूपेंद्रला मात्र पटेना.

"सहा के ऊपर पूरे पे डेढ़, हे तर पहिल्यापासून आहे," तो म्हणाला. "त्यात गलती काय?"

"जुन्या स्कीमला होतं. नव्या पत्रात नाही. खाली तुमची सही आहे बघा."

भूपेंद्रनं पत्र वाचलं. सही करताना त्यानं ते वाचलं नसावं. "मतलब आता दर महिन्याला तीन हजार कमी?"

"सहा ते दहाच्या मध्ये असाल तर हो."

भूपेंद्रनं पत्र टेबलावर ठेवून दिलं.

मग काका बोलले. बेबीताईकडे बघायचं टाळत म्हणाले, "बेबीताई, तुमचे अठरा निघतेत आणि पंधरा जास्त आलेत. वळते करून तीन देतो. आणि या दोघाइचं मी माफ करतो, गरीब..."

"एक मिनट, भाऊ," बेबीताई म्हणाली. "याइचं माफ, आणि माहं वळतं? हे कोणतं गणित हाय? जास्त गेलेलं माफ करायचं तं तिघाइचं करा. नाई तं तिघाइचं कापा. मी कापून घ्याले तयार हाय."

जानरावनं घाबरून तिच्याकडे पाहिलं. भूपेंद्रही.

पंखा बंद होता, जानेवारीतही काकांच्या कपाळावर ओल दिसत होती. मग ते अचानक म्हणाले, "मले कावून नाही सांगितलं तुमी? बारा वर्षं झाली. मले विचारता येत नव्हतं?"

"मले वाटलं, तुमीच केलं."

त्या वाक्यानं काका उठून उभे राहिले. ईराला वाटलं, आता ते चिडतील. पण ते खिडकीपाशी गेले, खालच्या गाडीवाल्याला काहीतरी उगाच सांगितलं, आणि परत येऊन बसले.

"तिघाइचं माफ," ते म्हणाले. "तुमचे अठरा पूर्ण, पगारासोबत. पण या महिन्यापासून पत्राप्रमाणंच. आणि बेबीताई, ऑर्डर आली का त्याच दिवशी बिल. पुन्हा अडवली तर मी ऐकणार नाही. हे लिहून देईन मी तुमाले."

"द्या लिहून," बेबीताई म्हणाली. "मी बी लिहून मागतो. स्टेटमेंटवर एकच आकडा नाही पाहिजे. तिन्ही स्लॅबचे तीन आकडे पाहिजेत, म्हंजे मले बी मोजता येते."

ईरानं तेच रिपोर्टात लिहिलं होतं, पण ते तिनं सांगितलं नाही.

समीरला काकांनी काढलं नाही. दोन दिवस त्याच्याशी बोलले नाहीत, मग गरज पडली तेव्हा बोलायला लागले. नवी शीट त्यानं स्वतःच तयार केली आणि ईराकडे सिविक सेंटरला घेऊन आला. सोबत एक कागद होता, त्यावर सीमेचे आकडे टाकून आलेली उत्तरं आणि शेजारी हातानं केलेली. सहा लाख एकला सहा हजारच, वर दीड पैसा. दहा लाख एकला बारा हजार, वर अडीच पैसे. ईरानं दोन ठिकाणी आणखी आकडे टाकून पाहिले, परतीचा माल महिन्याच्या शेवटी आला तर काय होतं तेही पाहिलं, आणि मग सही केली.

भूपेंद्रनं मार्चमध्ये राजीनामा दिला. रायपूरच्या एका केबल कंपनीत त्याला जास्त पगार मिळाला होता. जाताना तो सगळ्यांशी नीट बोलून गेला, पण तीन हजारांचं कारण त्यानं लपवलं नाही. काकांना ते लागलं. त्यांनी बालोदचा रस्ता तात्पुरता जानरावला दिला.

त्या शनिवारनंतर बाबुलालकडे जायचं काका आठवडाभर टाळत होते. शेवटी बेबीताईच म्हणाली, मी चालते, तुमी गाडी काढा. धमध्याला पोचल्यावर बाबुलालनं दोघांना बसायला सांगितलं, पण आपण काउंटरमागेच उभा राहिला. काका प्रस्तावना करायला लागले, तेवढ्यात बेबीताईनं त्यांना थांबवलं.

"भैया, डिसेंबर का माल मैंने रोका था," ती म्हणाली. "ऑफिस का हिसाब गलत था, पर रोका मैंने. आपका नुकसान हुआ."

बाबुलालनं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. "तीन दिवस दुकान में आदमी वापस गया है, दीदी," तो म्हणाला. "रबी के सीझन में."

"मालूम है."

त्यानं चहा मागवला. पाइप रायपूरहूनच घेणार, तिथे त्यानं वर्षाची बोली करून टाकली होती, हे त्यानं स्पष्ट सांगितलं. पंपांचं मात्र बघू म्हणाला. मग आतून एक कागद आणून त्यावर सहा पंपांची नावं लिहिली आणि तो काकांना न देता बेबीताईच्या हातात दिला.

जानेवारीची अठ्ठावीस तारीख होती. बेबीताईनं दुकानातूनच गोदामात फोन लावला. "बाबुलाल भैयाची ऑर्डर लिहून घे," ती म्हणाली. "बिल आत्ताच काढ."